दोन इंच पाणी

मी जिथे राहते त्या गावात पाणी गोल असतं. म्हणजे ते इंचात मोजतात, पण तो इंच पाइपाच्या तोंडाचा. एखाद्याच्या बोअरला किती पाणी लागलं असं विचारलं, तर उत्तर येतं, दीड इंच, दोन इंच. लग्न जमवतानाही मुलीचा बाप विचारतो, विहिरीला किती इंच पाणी आहे. तेव्हा पाइपाचं तोंड भरून किती पाणी पडतं तेच त्याला विचारायचं असतं. कोणी शेतात पट्टी रोवून बघत नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं याच एका शब्दात अडकलं, आणि तेव्हा ते ना मला कळलं, ना शिकलेल्या माणसाला.

माझं माहेर नि सासर दोन्ही साक्रीकडचं, डोंगरातलं. तिकडे शेती म्हणजे पावसाची. पाऊस संपला की शेत संपलं, मग महूची फुलं, टेंभुर्णीची पानं, नाहीतर ऊसतोडीला जायचं. आश्रमशाळेत सातवीपर्यंत होते. पुढचं बोलण्यात अर्थ नाही. लग्नानंतर आम्ही दोघं मुक्ताईनगरकडे आलो, एका केळीवाल्या शेतकऱ्याकडे सालाने, वर्षाच्या बोलीवर. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, आम्हीही. नानांनी मळ्यातली पक्की खोली दिली, वर पत्रा असला तरी खाली फरशी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, गॅस पेटवता येतो का, आणि येत नाही म्हटल्यावर स्वतः बसून दाखवला. मी त्यांचे उपकार मानते. अजून मानते. म्हणूनच त्या माघ महिन्यात झालं ते मला इतकं लागलं.

केळीला नानांकडे ठिबक आहे, तिथे माझं काम फक्त व्हॉल्व्ह उघडायचे नि नळ्या चोंदल्या का ते बघायचं. पण केळीच्या पलीकडे तीस गुंठ्यांचा एक तुकडा आहे. तिथे कपाशी असायची. कपाशी उपटल्यावर नानांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं आणि म्हणाले, इथे गहू करा, निम्मे तुमचे. त्यांच्या मुलाला ते पटलं नव्हतं. तो जळगावला एका पाइपाच्या कारखान्यात साहेब आहे. त्याला आम्ही भाऊ म्हणतो. भाऊचं म्हणणं होतं की तो तुकडाही ठिबकवर घ्यावा नि मोकळं व्हावं, सालदाराला निम्म्याने जमीन देण्याची सवय लावू नये. नाना म्हणाले, एक साल बघू. म्हणजे आमचा गहू हा गहूही होता आणि परीक्षाही होती. तो नीट पिकला तर आईकडे साक्रीला आमच्या हाताचं धान्य जाणार होतं, आणि पुढच्या साली तुकडा राहणार होता.

गव्हाचा दाणा चिकात आला, म्हणजे नखाने दाबला की दुधासारखं बाहेर येतं, तेव्हा त्याला पाणी पाहिजेच. ते चुकलं तर दाणा चिपाड होतो. नेमका त्याच वेळी सासऱ्यांचा फोन आला, पडले, पाय मोडला, आणि नवरा साक्रीला निघून गेला. आधीचं सगळं पाणी त्यानेच दिलेलं. मी चारीवर, म्हणजे शेताच्या पाटावर, त्याच्यासोबत असायचे, फावडं मारायचे, दारं मोडून पाणी एका वाफ्यातून पुढच्यात वळवायचे. पण मोटर, पाइप, विहिरीवरचा व्हॉल्व्ह हे त्याचं. विहीर सामाईक. नानांचे पुतणे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांची आणि आमची पाळी ठरलेली. शिवाय शेतीची लाइट दिवसा आठ तास, तीही आठवड्यातून ठरावीक दिवशी. त्यामुळे आमची पाळी आणि लाइट दोन्ही एकत्र येण्याचा एकच दिवस हाताशी होता.

नानांचे गुडघे गेलेले, ते मळ्यापर्यंत येऊ शकत नाहीत. त्यांनी भाऊला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. भाऊने मला हिशेब समजावून सांगितला, चांगल्या मनाने सांगितला, हे मान्य केलं पाहिजे. म्हणाला, एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत एक मिलिमीटर पाणी उभं राहिलं की ते बरोबर एक लिटर. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर धर, थोडं जास्तच असतं. तीस गुंठे म्हणजे तीन हजार. आपल्याला दोन इंच पाणी द्यायचंय, म्हणजे पन्नास मिलिमीटर. तीन हजार गुणिले पन्नास, दीड लाख लिटर. आपली मोटर दोनशे लिटरचा ड्रम चाळीस सेकंदांत भरते, मी दिवाळीला मोजलंय, म्हणजे तासाला अठरा हजार. दीड लाखाला अठरा हजाराने भाग, आठ तास वीस मिनिटं. लाइट आठ तास असते. वीस मिनिटांनी कोणी मरत नाही. कळलं?

मी हो म्हटलं. लिटर, गुंठे, हजार हे सगळं मी शाळेत थोडंफार केलेलं, ते मला कळलंही. पण या सगळ्यात माझ्या कानाला चिकटला तो एकच आकडा, कारण तो माझ्या ओळखीचा होता. दोन इंच पाणी द्यायचंय.

आणि मला ते शहाणपणाचं वाटलं. विहीर माघात खाली गेलेली. मोटर एकदम जोरात ओढायला लागली की हवा घेते, मग खडखडाट होतो. भाऊने विचार करूनच दोन इंची सांगितला असेल, असं मी धरलं. रोपांना पाणी द्यायचा दोन इंची लपेटा, म्हणजे गुंडाळून ठेवता येणारा मऊ पाइप, खोलीच्या मागे होता. सकाळी मी चारीवरचा तीन इंची पाइप सोडवला, कपलिंग बदललं, लपेटा जोडला. तो फुगून फाटू नये म्हणून व्हॉल्व्ह अर्धा आवळला. एवढं सगळं एकटीने केलं याचा मला अभिमान वाटला होता, हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

लाइट आली, स्टार्टर दाबला. पाणी चारीला लागलं, पहिल्या साऱ्यात गेलं. आमचे वीस सारे, म्हणजे लांबट वाफे आहेत, सारखेच, प्रत्येकाची लांबी पन्नास पावलांच्या आसपास. एरवी एक सारा भरेपर्यंत नवरा एक तंबाखू मळून संपवतो आणि दुसरी मळायला घेतो. त्या दिवशी मी पहिल्या साऱ्याच्या टोकाशी उभी राहिले, राहिले, राहिले. पाणी गोगलगाईसारखं येत होतं. मला वाटलं चारी फुटली. मागे जाऊन बघितलं, चारी ठीक. उंदराचं बीळ असेल म्हणून बांधावरून फिरले. काही नाही. पुन्हा साऱ्यावर आले तर पाणी अर्ध्यात.

दुपार झाली तेव्हा मी पाचव्या साऱ्यावर होते. मला आता रडू येत होतं, पण कोणावर चिडावं तेच कळत नव्हतं. नवऱ्याचा फोन आला.

"बठ्ठं भरायनं का?"

"अर्धंबी नही," मी म्हटलं.

तो म्हणाला, मग तू करी काय ऱ्हायनी? मी फोन ठेवून दिला.

लाइट गेली तेव्हा नऊ सारे भरले होते. दहाव्याच्या तोंडाशी पाणी येऊन थांबलं आणि माझ्यादेखत जमिनीत जिरलं. उरलेल्या अकरा साऱ्यांत जमिनीला भेगा पडल्या होत्या, त्यात बोट जात होतं. तिथला गहू ओल्या साऱ्यांच्या शेजारी उभा राहून आणखीच पिवळट दिसत होता.

नानांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी भाऊला लावलं. स्पीकरवर.

भाऊ आधी शांत होता. मोटर किती वेळ चालली? आठ तास. मधे बंद पडली? नाही. लाइट गेली? नाही. मग म्हणाला, आठ तास चालली तर एक लाख चव्वेचाळीस हजार लिटर पाणी पडलंच पाहिजे. हिशेबाच्या बाहेर जाता येत नाही. एवढं पाणी गेलं कुठे? मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, निम्म्याच्या वर जमीन कोरडी, म्हणजे ऐंशी हजार लिटर नाहीसे झाले. पाणी हवेत उडत नाही. मग त्याने विचारलं, आबांच्या केळीला गेलं का? दारं तिकडे फुटलं होतं, का कोणी मागितलं होतं?

मागितलं होतं का. हे त्याने सरळ आवाजात विचारलं, आवाज चढवला नाही. त्यामुळे ते जास्त लागलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, नाही. पुन्हा म्हटलं, नाही.  मी दिवसभर त्या चारीवर उभी होते, माझे पाय चिखलाने फुगले होते, आणि त्याच्याकडे एक भागाकार होता. भागाकाराला साक्षीदार लागत नाही. मला लागत होता, आणि तो नव्हता.

त्यानंतरचे दिवस मी नीट जेवले नाही. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडायची चावी नाना मला रोज स्वतः द्यायचे, ती त्या आठवड्यात गड्याबरोबर पाठवली. मी त्याचा अर्थ लावत बसले. सामान किती, ट्रंक कोणती, साक्रीला एसटीने जायचं की आणखी कोणाच्या टेम्पोने, असं सगळं मनात बांधून झालं. दाणा रोज दाबून बघत होते. चीक होता. घट्ट होत चालला होता.

रविवारी भाऊ मोटरसायकलवर आला, मागे नानांना बसवून. म्हणाला, आज खरं काय ते बघू. लाइट होती, आबांची पाळी होती, पण पाच मिनिटं मोटर चालवायला आबांनी हो म्हटलं. ते स्वतःही आले, डोक्याला टॉवेल, हातात अर्धं केळं. भाऊने निळा ड्रम चारीच्या तोंडाशी ठेवला, मी पाइपाचं टोक त्यात सोडलं, त्याने मोबाइलवर घड्याळ लावलं आणि मला म्हणाला, दाब.

चाळीस सेकंद झाले. ड्रम अर्धा. भाऊ मोबाइलकडे बघत राहिला. ऐंशीला ड्रम भरून पाणी बाहेर आलं.

"मोटर गेली," आबा म्हणाले. "वायंडिंग बघ."

भाऊ विहिरीवर गेला, आवाज ऐकला, परत आला. मोटर ठीक वाटते म्हणाला. मग त्याची नजर पाइपावर गेली. तीन इंची कुठाय? मी म्हटलं, खोलीच्या मागे, सोडवून ठेवलाय. कोणी बदलला? मी. का?

"तुम्हीच सांगितलं ना, दोन इंच पाणी द्यायचं."

 मला वाटलं आता ओरडेल. मग त्याने दोन बोटांमध्ये अंतर करून दाखवलं, आडवं, जमिनीवर ठेवल्यासारखं. म्हणाला, दोन इंच म्हणजे शेतात उभं राहायला पाहिजे तेवढं. एवढं. मी अंगठा नि तर्जनी गोल केली, पाइपाच्या तोंडासारखी, आणि म्हटलं, मला वाटलं एवढं.

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांच्या हातातलं केळं पडलं.

"अरे, तिचं काय चुकलं? तुह्या बोअरला मी कधी विचारतो काय, की किती मिलिमीटर पानी हाये?" ते म्हणाले. "इथे इंच म्हंजे पाइप. तू जळगावला जाऊन इंच सपाट केला."

नानाही हसले. भाऊ हसला नाही. मीही नाही. मला हसू येणं शक्यच नव्हतं, मला इतका राग येत होता. आठवडाभर मी चोर होते आणि आता एकदम विनोद झाले. मधलं काही नव्हतंच. कोणी म्हटलं नाही, बाई, तू खरं बोलत होतीस.

भाऊ लगेच हिशेबाला लागला. त्याचा तो स्वभाव आहे. अवघड काही आलं की तो आकड्यांत जातो, जसं मी भाकऱ्या करायला बसते. म्हणाला, ऐंशी सेकंदांना दोनशे, म्हणजे तासाला नऊ हजार, आठ तासांत बहात्तर हजार. सगळ्या शेताला जेमतेम एक इंच. म्हणून निम्मं शेत ओलं. सगळं जमतंय. जमतंय असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरंच बरं वाटल्याचं दिसलं, जणू गहूच जमला होता.

मी विचारलं, उरलेल्याचं काय? दाणा अजून दोन-तीन दिवस चिकात राहील, त्यानंतर पाणी देऊन उपयोग नाही.

हा प्रश्न आबांकडे बघूनच विचारायचा होता, कारण आमच्या पुढच्या पाळीपर्यंत वेळ नव्हता. भाऊने विचारला नाही. नानांनीही नाही, पुतण्याकडे मागायचं त्यांच्या जिभेवर येत नव्हतं. त्यांच्यात काय जुनं होतं ते मला माहीत नाही. मग मीच म्हटलं, आबा, उद्या तुमच्या पाळीतले साडेचार तास द्या. अकरा सारे आहेत, एका साऱ्याला साडेसात हजार लिटर, तीन इंचीने साडेचार तासांच्या थोडं वर लागतील.

आबा म्हणाले, हिशेब शिकली म्हणजे. मग केळीकडे बघत म्हणाले, माझी बाग घडावर आलीय, माझंही पाणी कमी पडतंय, मी काय पान्याचा कारखाना उघडला काय. चार देतो. सकाळचे. त्याच्यावर मिनिट नाही.

चार तास म्हणजे बहात्तर हजार. नऊ-साडेनऊ सारे. भाऊ म्हणाला, मग अकराही साऱ्यांत थोडं थोडं कमी भर. पावणेदोन इंच पडेल. पाणी शेवटाला पोचायच्या आधीच दारं मोड, उतारावर आपोआप पुढे जाईल. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी तीन इंची जोडला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाणी असं आलं की चारीची कड ढासळली, तिथे दोन फावडी माती टाकावी लागली. पण भेगाळलेली काळी जमीन पावणेदोन इंच जाणत नाही. पाणी साऱ्याच्या तोंडाशी आलं की भेगांत शिरायचं, बुडबुडे यायचे, आणि भेगा बंद होईपर्यंत पुढे सरकायचंच नाही. अर्ध्यावर दारं मोडलं तर पुढचा अर्धा कोरडा राहायचा. पहिल्या साऱ्यात तसं केलं आणि परत उघडावं लागलं, त्यात आणखी वेळ गेला. कमी भरायचं ठरवलं होतं, पण जमीन पोट भरल्याशिवाय सोडतच नव्हती. मी धावत होते, फावडं मारत होते आणि एकटीच बडबडत होते. भाऊला, आबांना, नवऱ्याला, त्या सासऱ्यांच्या पायालासुद्धा शिव्या घातल्या.

चार तासांना आबांचा माणूस स्टार्टरवर आला. एकोणिसाव्या साऱ्याच्या आधी पाणी थांबलं. दोन सारे राहिले. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं. तो म्हणाला, अक्का, मला नोकरी करायचीय. मलाही करायची होती, म्हणून मी बाजूला झाले.

संध्याकाळी भाऊचा फोन आला. झालं का? मी सांगितलं, नऊ झाले, दोन राहिले, कमी भरून बघितलं, जमीन ऐकत नाही. मला वाटलं, आता पुन्हा विचारेल, पाणी गेलं कुठे.

तो म्हणाला, "चारीत मुरतं, भेगांत जातं, ते मी धरलंच नव्हतं. मी फक्त शेताचं धरलं. आठ तास वीस मिनिटं तीन इंचीनेही पुरली नसती."

 त्याने विचारलं, ऐकतेयस ना? मी म्हटलं, भाऊ, इथून पुढे मला इंच सांगू नका. एका साऱ्यात किती लिटर ते सांगा, नाहीतर ड्रम किती वेळात भरायला पाहिजे ते सांगा. तो म्हणाला, बरं. आणि तुकड्याचं उन्हाळ्यात बघू म्हणाला, नाना म्हणतील तसं.

बघू म्हणजे काय, हे कोणत्याच भागाकारात बसत नाही. तरी मला हलकं वाटलं, आणि एवढ्याशा बोलण्याने हलकं वाटावं याचाच मला परत राग आला. नवऱ्याला फोन करून सांगितलं, अठरा भरले. तो म्हणाला, दोन राहिले म्हणजे किती पोती जातील? मी म्हटलं, तू ये आणि मोज.

सकाळी त्या दोन साऱ्यांत बसून मी दाणे दाबले. चीक अजून होता, थोडा. मी चारीतलं तळाशी साचलेलं पाणी बादलीने काढून साऱ्यांच्या तोंडाशी टाकायला लागले. एका बादलीत पंधरा लिटर. दोन सारे म्हणजे पंधरा हजार. मला भागाकार येत होता, म्हणून दहा-बारा बादल्यांनंतर थांबले आणि केळीच्या नळ्या बघायला गेले.